काटकोनातली बाई

कॉलेजात तिला सगळे उणेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं, आणि मनातून ते नाव आवडतही होतं. गणित शिकवणाऱ्या माणसाला पोरांनी ठेवलेली नावं बहुतेक वेळा कागदावर लिहिता येत नाहीत. त्या मानाने हे भाग्यच म्हणायचं.

नाव पडलं ते तिच्या शिकवण्यामुळे. मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, दिसली की बाकीचे प्राध्यापक बाह्या सरसावून आकडेमोडीला लागत आणि फळा भरून टाकत. उणेबाई खडू खाली ठेवायची. टेबलावर एक काठी, एक विजेरी आणि एक हातआरसा मांडायची आणि म्हणायची, "गणित करायचं नाही. नुसतं बघायचं. कोण तसंच राहतं, कोण नाहीसं होतं, कोण उलटतं?"

काठी टेबलावर आडवी ठेवून वरून विजेरी धरली की काठी आणि सावली एकच. "ही दिशा तशीच राहिली. दिशेला ज्या आकड्याने गुणलं जातं तो, म्हणजे तिची आयगेनव्हॅल्यू, एक. टेबलावर कशीही फिरवा, एकच." मग काठी उभी करायची. सावलीचा नुसता ठिपका उरायचा. "ही दिशा गेली. शून्य. झालं, प्रक्षेपाच्या, म्हणजे सावली पाडण्याच्या, मॅट्रिक्सचं सगळं आयुष्य एवढंच: एक, एक, शून्य." एखादं पोर हटकून विचारायचं, "मॅडम, तिरकी काठी?" तिरक्या काठीची सावली काठीच्या दिशेत पडतच नाही, म्हणून ती या हिशोबात बसत नाही. ती थोडी आडवी, थोडी उभी. आडवा भाग राहतो, उभा जातो. "आणि अर्धा का नाही? पाव का नाही?" यावर ती हसायची. "सावलीची सावली पाड बघू. सावलीच राहते ना? मग दोनदा केलं काय, एकदा केलं काय, आकडा तोच राहायला हवा. स्वतःचा वर्ग केला तरी जो बदलत नाही असा आकडा शोध. शून्य आणि एक सोडून सापडला तर मी नोकरी सोडते."

आरशाचंही तसंच. आरशाच्या पातळीतल्या दिशा, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे, तशाच राहतात. फक्त काचेत घुसणारी दिशा उलटते. तिची आयगेनव्हॅल्यू उणे एक. "आरसा डावं-उजवं उलटत नाही रे, गाढवांनो. तो पुढचं मागे करतो. बाकी सगळं तुमच्या डोक्यात." आणि वर्गभर एकच सूर: एक, एक, उणे एक. त्यातून ती उणेबाई झाली.

लग्न तिने केलं नव्हतं. का, हे विचारणारे थकून गेले होते. घरात ती आणि आई. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात. फोनवर तो फार काळजी करायचा. काळजी करायला फोन सोयीचाही असतो. आईला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. डावा हात लुळा पडला, पाय जेमतेम सावरला, बोलणं मात्र शाबूत. सकाळी एक मावशी यायच्या, आईचं अंघोळ-जेवण, औषधं सगळं बघायच्या आणि बाई कॉलेजातून आली की जायच्या. मावशींचं काम चोख होतं. सगळं जिथल्या तिथे ठेवून जायची त्यांची सवय.

आईच्या खोलीत एक जुनं उंच कपाट होतं. कपाटाच्या भिंतीकडे तोंड केलं की डावीकडे खिडकी, मग कपाट, आणि पलंग उजवीकडे, कपाटाच्या कडेपलीकडे. कपाटावर पायापासून डोक्यापर्यंत आरसे. उजवा भाग पक्का बसवलेला. डावा भाग म्हणजे दार, बिजागऱ्या मधोमध. बंद असलं की दोन्ही मिळून एकच सपाट आरसा वाटायचा. मधली फट केसाएवढी.

फटीतल्या बाईचा विषय आईने काढला तो अगदी सहज, चहा पिता पिता.

"आज ती आली होती," आई म्हणाली.

"कोण ती?"

"ती ग. कपाटाच्या फटीत बसते ती."

बाईने कप खाली ठेवला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, अशा झटक्यानंतर कधी कधी माणसं आरशातल्या स्वतःला ओळखत नाहीत. ती हळूच म्हणाली, "आई, आरशात तूच दिसत असशील."

आई चिडली. "मला कळत नाही का मी कशी दिसते ते? सकाळी आरशासमोर उभी राहून हाताचा व्यायाम करते, तेव्हा मी दिसते. तिचा लुळा हात खिडकीच्या बाजूला असतो. माझाही त्याच बाजूला. ती मी. ही दुसरी. हिचा लुळा हात खिडकीच्या उलट बाजूला. म्हणजे हिचाही डावाच गेलाय, माझ्यासारखा. बिचारी."

ते 'बिचारी' ऐकून बाईच्या अंगावर सरसरून काटा आला. वेड्यासारखं बोलणं तिने ऐकलं असतं तर तिने सांभाळून घेतलं असतं. पण आई वेड्यासारखं बोलत नव्हती. शेजारणीबद्दल बोलावं तशी बोलत होती.

त्यानंतर ती बाई घरात राहायलाच आल्यासारखी झाली. रोज यायची नाही. यायची ती दुपारी, उणेबाई कॉलेजात असताना. संध्याकाळी आईकडून तिची खबर कळायची. आज बराच वेळ होती. आज काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही. मी उजवा हात वर केला तर तिनेही उजवाच केला. मी उशीवर इकडे सरकले, तिकडे सरकले, तरी ती फटीतच, आणि नजर माझ्यावरच.

"एकदा तर तिला डोळा एकच होता," आई म्हणाली. "इथे, मधोमध. आणि नाक नव्हतंच. मग मावशीने काहीतरी हलवलं आणि ती नीट झाली."

"मावशींना दिसते का ती?"

"विचारलं. मावशी म्हणते, मला तर मीच दिसते हो." आई हसली. "खोटं बोलते. घाबरली असेल."

बाईने मावशींनाही बाजूला घेऊन विचारलं. मावशींनी कपाळाला हात लावला. "आजी बोलतात खरं कुणाशी तरी. मी बघते तर कुणी नाही. वय झालं हो."

उणेबाई घाबरट नव्हती. पण संध्याकाळी आईजवळ बसताना ती नकळत कपाटाकडे पाठ करून बसायला लागली, आणि मग पाठीलाच काहीतरी जाणवायला लागलं. शेवटी एक दिवस तिने कपाटावर वरपासून खालपर्यंत जाड चादर सोडली. आरसाच नको.

दुसऱ्या दिवशी घरी आली तेव्हा चादर जशीच्या तशी, एक घडीही हललेली नाही.

"आज नसेल आली," ती म्हणाली.

"आली की," आई म्हणाली. "तुझ्या चादरीला ती काय भीक घालते?"

त्या रात्री बाईने आईच्या खोलीतला दिवा घालवलाच नाही.

भीती वाटली की माणसं देवाला, दारूला किंवा शेजाऱ्यांना शरण जातात. उणेबाई गणिताला शरण गेली. एका सुट्टीच्या दिवशी चादर काढून तिने शांतपणे विचार केला. सपाट आरशात आपल्याला आपण कधी दिसतो? डोळ्यापासून आरशाच्या पातळीवर लंब टाकायचा. म्हणजे प्रक्षेप. पातळीतली जागा तशीच राहते, अंतर तेवढं शून्य होतं, उरतो लंबाचा पाय. तो पाय काचेवर पडला तर आपण आपल्याला दिसतो, काचेबाहेर पडला तर नाही. दोन्हींत मधलं काही नाही. आईच्या उशीपासून लंब टाकला तर पाय काचेच्या कडेपलीकडे, कोऱ्या भिंतीवर पडत होता. उशीवर कशीही सरकली तरी भिंतच. तिने स्वतः पलंगावर बसून बघितलं. आरशात खिडकी दिसत होती, खुर्ची दिसत होती. कुठलीच बाई दिसत नव्हती. दिसणं शक्यच नव्हतं. चादर तिने पुन्हा लावून टाकली.

हे सिद्ध झालं तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानच वाटला. दुसऱ्याच क्षणी तो ओसरला. कारण आई जे बघत होती ते आरशातलं नव्हतं, एवढंच तिने सिद्ध केलं होतं. मग ते कुठलं?

पुढच्या आठवड्यात आई पडली. मावशी स्वयंपाकघरात असताना उजव्या हातात पाण्याचा पेला घेऊन आई एकटीच पलंगावरून उतरली होती. "तिला द्यायला," ती म्हणाली. "इतके दिवस येते, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही." हाड मोडलं नाही, कपाळाला खोक पडली. डॉक्टरांनी टाके घातले आणि बाईला बाहेर बोलावलं.

"आरशातल्या स्वतःला परकं समजतात, तसं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," उणेबाई म्हणाली, आणि लंबाचा पाय भिंतीवर पडतो हे त्यांना नीट समजावून सांगितलं. तिथल्याच एका कागदावर आकृतीसुद्धा काढून दिली. "तिथून आरशात ती दिसूच शकत नाही. म्हणजे जे नाहीच, ते ती बघते आहे."

डॉक्टरांनी आकृतीकडे बघितलं, मान हलवली आणि औषध वाढवलं. आता घरी ठेवणं धोक्याचं, चोवीस तास माणसं असतील असं देखभाल केंद्र बघा, म्हणाले. दादाने फोनवरच केंद्र शोधलं. शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन येणार होता. फोन ठेवताना म्हणाला, "तूच सिद्ध केलंस ना सगळं? मग आता रडू नकोस."

आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तिथे कपाट आहे का?"

शुक्रवारी उणेबाईचा तास होता. जायला नको वाटत होतं, पण घरात बसून आईच्या साड्यांच्या घड्या बघण्यापेक्षा वर्ग बरा. विषय तोच, परावर्तन. भौतिकशास्त्राच्या सरांकडून तिने दोन चांगले मोठे आरसे मागून आणले होते. एक आरसा झाला. एक, एक, उणे एक. वर्गाने सूर धरला. आरसा दोनदा लावला की माणूस पुन्हा मूळ जागी, म्हणून वर्ग केल्यावर एक होणारे आकडेच चालतात, एक आणि उणे एक, हेही झालं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, दोन आरसे काटकोनात उभे केले तर? गुणाकार करून बघायचा का?"

"गुणाकार कशाला? बघायचं." तिने दोन्ही आरसे टेबलावर उभे केले, कडेला कड लावून, नीट काटकोनात. "उभी दिशा दोन्ही आरशांच्या पातळीत आहे. तिला कुणीच हात लावत नाही. एक. या आरशात घुसणारी दिशा हा आरसा उलटवतो, पण त्या दुसऱ्याच्या ती पातळीतच आहे, तो तिला तशीच सोडतो. उणे एक. त्या आरशात घुसणारीचंही तेच. उणे एक. सगळे मिळून?"

"एक, उणे एक, उणे एक."

"आता एकच उणे नाही, दोन आहेत. उभी दिशा जागेवर, आडव्या दोन्ही उलट्या. हे परावर्तनच नव्हे. ही अर्धी गिरकी आहे, उभ्या रेषेभोवती. आरशातल्या जागी तुम्ही चालत जाऊन उभे राहू शकत नाही. डाव्याचं उजवं कसं करणार? पण अर्धी गिरकी घेऊन, चालत जाऊन, समोरच्या जागी कुणीही उभं राहू शकतं. म्हणजे यात जे दिसतं ती प्रतिमा वाटतच नाही. ते दिसतं समोर बसलेल्या दुसऱ्या..."

वाक्य पुरं झालं नाही. ती खाली वाकून दोन आरशांच्या सांध्यात बघत होती. सांध्यात एक म्हातारी बसली होती. भांग भलत्याच बाजूला, एक भुवई जरा वर चढलेली, तोंड किंचित एका अंगाला. रोज आरशात दिसणारी उणेबाई ती नव्हती. ती आई होती.

तिने उजवा हात वर केला. समोरचीनेही उजवाच केला.

ती डावीकडे सरकली. सपाट आरशात आपण सरकलो की प्रतिमाही सरकते, काच संपली की निघून जाते. ही गेली नाही. सांध्यातच राहिली आणि बघत राहिली. उणेबाई उजवीकडे सरकली. तरी ती तिथेच. बरोबरच होतं. अर्ध्या गिरकीत डोळा, सांधा आणि समोरचा डोळा एका रेषेत येतात, मग माणूस कुठेही बसो. लंब टाकायची गरजच नाही.

धक्क्याने एक आरसा जरासा कलला. बाईच्या डोळ्यांदेखत समोरचीचं नाक नाहीसं झालं आणि दोन डोळे सरकत सरकत एक झाले.

"मॅडम?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"तास संपला," उणेबाई म्हणाली. तास निम्माही झाला नव्हता. खांद्याला पर्स न लावता ती तशीच निघाली. गणिताची बाई पळताना कॉलेजाने पहिल्यांदाच पाहिली असेल.

घराचं दार मावशींनी उघडलं आणि त्या चकितच झाल्या. त्यांना काही न विचारता ती आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर गेली आणि जागीच थबकली.

दुपारचं ऊन खिडकीतून आडवं आत येत होतं. कपाटाचं दार सताड उघडं होतं, भिंतीशी काटकोनात, फरशीच्या सांध्यावर ठेवलेल्या स्टुलाला टेकलेलं. चादर घडी करून खुर्चीवर ठेवलेली. आणि दार जिथे कपाटाला जोडलं होतं तिथे, त्या फटीत, एक बाई उभी होती आणि रोखून तिच्याकडेच बघत होती.

सगळं कळूनसुद्धा उणेबाईच्या तोंडून किंचाळी निघाली. आकडे ठाऊक असले म्हणून छाती धडधडायची थांबत नाही.

"अहो, उन्हासाठी उघडते मी ते दार," मागून मावशी म्हणाल्या. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. "दुपारी ऊन थेट आजींच्या डोळ्यांवर येतं. आभाळ असलं की नाही उघडत. जाताना बंद करून जाते, चादरही तशीच लावून ठेवते. तुमची वस्तू तुम्हाला जागच्या जागी नको का?"

"तुमचं काही चुकलं नाही मावशी," ती म्हणाली. "माझं चुकलं."

तिने सुट्टीच्या दिवशी पलंगावर बसून बघितलं होतं ते दार बंद असताना. आईच्या जागी ती बसली होती, पण आईच्या दुपारी कधीच नाही. पायाखालच्या जमिनीइतका पक्का तिचा सिद्धांत होता, फक्त तो भलत्याच कपाटाबद्दल होता.

उशांना टेकून बसलेली आई तिच्याकडे बघत होती. मग फटीकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"यातली तू कुठली?" आईने विचारलं.

"मी, आई. मीच. कॉलेजातून आले." ती आईजवळ पलंगावर बसली. "तू म्हणालीस ते सगळं खरं होतं. उजव्या हाताचं, एका डोळ्याचं, सगळं. तू जसं दिसलं तसंच सांगितलंस. मीच ऐकलं नाही." आणि ती आईच्या लुळ्या हातावर डोकं ठेवून रडली. बऱ्याच दिवसांचं साचलेलं होतं.

मग उठून तिने आईला दाखवलं. दार हळूहळू लोटलं. फटीतली बाई मधोमध चिरली, तिचे दोन्ही भाग एकमेकांपासून सरकले आणि दार बंद झालं तशी ती गेली. आरशात खिडकी उरली. पुन्हा उघडलं, स्टुलाला टेकवलं. आई उजवा हात वर करून बघत राहिली.

"म्हणजे ती मीच," आई म्हणाली.

"तूच. पण आरशातली नाही. लोकांना दिसतेस तशी."

आईने यावर बराच वेळ विचार केला. तेवढ्यात बाईने दादाला फोन लावला. उद्या गाडी आणू नकोस, म्हणाली. कारण सांगितलं. दादा म्हणाला, "पण पडली ती पडलीच ना?"

"पडली. पाहुणीला पाणी द्यायला उठली म्हणून पडली. त्याला वेड म्हणत नाहीत. डॉक्टरांना मी परवा माझी आकृती दिली होती, आज दुसरी नेऊन देते. औषध त्यांनी माझ्या शब्दावर वाढवलंय. आणि तू येणारच असशील तर नुसता ये, आईला भेटायला."

फोन ठेवून तिने स्टूल बाजूला केलं आणि दार बंद करायला घेतलं. ऊन पडद्याने अडवता येईल, उद्याच जाड पडदा आणू, असं तिचं चाललं होतं.

"राहू दे," आई म्हणाली.

"अग, आता कळलं ना ते काय आहे? मग कशाला?"

"कळलं. पण दुपारी असतं कोण इथे? तू सकाळी जातेस. मावशी कामात. ती तरी यायची, समोर बसायची, माझ्याकडे बघायची." आई फटीकडे बघत बोलत होती. "तुम्ही सगळे घाबरलात. मी कधी घाबरले का? मला ती तुझ्यासारखी वाटायची. म्हातारी झालेली तू. वाटायचं, चला, पोरगी थकून का होईना, बसली बाबा एकदाची माझ्याजवळ."

उणेबाईने स्टूल पुन्हा फरशीच्या सांध्यावर ठेवलं, दार त्याला टेकवलं आणि आईला लागून, तिच्याच उशीला टेकून बसली. दोघींनी फटीत बघितलं. फट एकच, पण प्रत्येकीला तिच्यात अगदी मधोमध, नजर रोखून बसलेली आपापली बाई दिसते. हा नियम आहे, त्याला अपवाद नाही.

"दिसली का?" आईने विचारलं.

"दिसली."

"कुणासारखी आहे?"

"तुझ्यासारखी," ती म्हणाली.

आईने समाधानाने मान हलवली. फटीतल्या बाईनेही हलवली असणार. पुढच्या सत्रात उणेबाईने आपले सगळे तास सकाळचे मागून घेतले. दुपारी कपाटाचं दार उघडं असतं, आणि त्या खोलीत आता चौघीजणी बसलेल्या असतात.